एकाच घरातलं एक मूल फडावर, दुसरं गावात

ताई,
मी एम.ए. समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लघुप्रबंधासाठी ‘मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांच्या समस्या : एक समाजशास्त्रीय अभ्यास’ हा विषय दिला, तर सरांनी ‘फार मोठा आहे, बारीक कर’ म्हणून परत केला. मग ‘स्थलांतराचा ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणावर होणारा परिणाम’ असं करून नेलं. तेही परत आलं. १५ सप्टेंबरपर्यंत आराखडा द्यायचाय आणि एप्रिलअखेर प्रबंध. कुठून कापायचं नि किती, तेच कळेना. विषय मात्र सोडायचा नाही. माझं आजोळ केज तालुक्यात आहे, अर्धं गाव तोडीला जातं. गेल्या साली मामाच्या शेजारच्या घरातली नऊ वर्षांची मुलगी आईबापाबरोबर गेली आणि तिचा अकरा वर्षांचा भाऊ आजीजवळ राहिला. ते डोक्यातून जात नाही.
— एक विद्यार्थिनी, बीड जिल्हा

तुझ्या पत्रातल्या शेवटच्या तीन ओळी कागदावर वेगळ्या उतरवून काढ. वरचे दोन्ही मथळे बाजूला ठेव. जे सर मागतायत ते त्या तीन ओळींत आहे, आणि ते तू स्वतःच लिहिलंयस.

आधी पहिला मथळा का परत आला ते बघू. ‘ऊसतोड कामगार’ म्हटलं की एकच चित्र डोळ्यांसमोर येतं, पण तोडीवर गेलं की ते फुटतं. बैलगाडी घेऊन जाणारी कुटुंबं साधारणपणे कारखान्याच्या आसपास एका जागी कोप्या घालून हंगाम काढतात. ट्रॅक्टर-ट्रकवर ऊस भरून देणाऱ्या टोळ्या फड संपेल तशा गावोगाव हलत राहतात. मुलाच्या दृष्टीने ही दोन जगं आहेत. एका जागी तळ असेल तर जवळच्या शाळेत बसवता तरी येईल, दर आठ-पंधरा दिवसांनी बिऱ्हाड हललं तर कुठल्या शाळेत बसवायचं? मग ‘कामगार’ म्हणजे यातले कोणते? आणि ‘समस्या’ म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, त्याच्याशी होणारा हिशेब, बाईचं आरोग्य, पाणी, पोरांची शाळा, यातली कोणती? यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या माणसांना विचारावी लागते आणि वेगळे कागद बघावे लागतात. तू सगळी घेतलीस तर प्रत्येकीवर चार पानं येतील आणि ती चार पानं वर्तमानपत्रात आधीच येऊन गेलेली असतील.

बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये गाजला. तेव्हा सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. एवढी आरोग्य यंत्रणा हाताशी असताना मोजायला घेतलेली गोष्ट बघ किती साधी होती: शस्त्रक्रिया झाली आहे की नाही. हो किंवा नाही. ती का झाली, हा प्रश्न त्याहून कितीतरी अवघड, आणि तो आकड्यांच्या पलीकडे जाऊन वेगळा विचारावा लागतो. तू एकटी आहेस, तुझ्याकडे आठ महिने आहेत आणि आजोळची ओळख आहे. त्यात बसेल असाच प्रश्न हवा.

दुसरा मथळा पहिल्यापेक्षा लहान दिसतो, पण मला तो जास्त अवघड वाटतो, आणि त्याचं कारण ‘परिणाम’ हा शब्द. परिणाम म्हटलं की तुलना आली. गेलेली मुलं आणि न गेलेली मुलं शेजारीशेजारी ठेवायची आणि फरक दाखवायचा. समज तू तसं केलंस आणि गेलेल्या मुलांना गणितात कमी गुण दिसले. तो फरक जाण्यामुळे पडला असं म्हणता येईल का? जी मुलं मागे राहिली त्यांच्या घरी धडधाकट आजी होती, थोडी शेती होती, कदाचित उचल कमी होती. जी गेली त्यांच्या घरी यातलं काही नव्हतं. ती मुलं गावात राहिली असती तरीही त्यांना कमीच गुण पडले असते, असं कुणी म्हटलं तर तुझ्याकडे उत्तर नाही. हा पेच सोडवायला एकाच मुलाचे अनेक वर्षांचे गुण लागतात, मोठी संख्या लागते, आणि एम.ए.च्या लघुप्रबंधात ते होत नाही. दरवर्षी माझ्याकडे ‘परिणाम’ असलेले विषय येतात. मी प्रत्येकाला हेच विचारते, की तुलना कोणाशी करणार? बहुतेकांनी तोपर्यंत तो विचार केलेला नसतो.

आता शेजारच्या घराकडे ये. तिथे तुलना घरातच तयार आहे. आई तीच, बाप तोच, उचल तीच, आजी तीच, शेती असली-नसली तरी तीच. तरी एक मूल गेलं, एक राहिलं. गरिबी, जात, गाव, शाळा, मुकादम, जे जे आपण कारण म्हणून सांगतो ते सगळं दोन्ही मुलांना सारखंच लागू आहे, म्हणून त्यातलं कुठलंच इथे पुरं पडत नाही. उत्तर दुसरीकडे शोधावं लागतं, म्हणजे मुलाच्या वयात, मुलगा-मुलगी असण्यात, घरात तान्हं बाळ असण्यात, आजीला किती झेपतं त्यात. ‘स्थलांतर आणि शिक्षण’ या अवाढव्य विषयातून तू अशा एका ठिकाणी पोचतेस जिथे प्रश्न विचारून उत्तर मिळू शकतं.

म्हणून तुझं मोजमापाचं एकक मूल ठेवू नकोस, घर ठेव. गावातून तोडीला जाणारी अशी घरं, ज्यांच्यात सहा ते चौदा वयाची किमान दोन मुलं आहेत. सहा ते चौदा यासाठी, की शिक्षण हक्क कायद्याचं वय तेच आहे, आणि त्याआधीच्या मुलांना सोबत नेण्याची कारणं वेगळी असतात. या घरांचे तीन गट पडतील: सगळी मुलं राहिली, सगळी गेली, आणि फाटाफूट झाली. तिसरा गट हा तुझा प्रबंध. पहिले दोन गट त्याला उजेड देण्यापुरते.

हे ऐकायला सोपं आहे, पण ‘गेलं’ म्हणजे काय हे ठरवताना घाम फुटतो. मूल दिवाळीनंतर गेलं आणि संक्रांतीला मामाने परत आणून सोडलं, तर ते गेलेलं की राहिलेलं? सुरुवातीला राहिलं, आजी आजारी पडल्यावर जानेवारीत आईकडे पाठवलं, ते कुठे घालायचं? शनिवार-रविवारी फडावर जाऊन येणारं? आधी ठरवून ठेवलं नाहीस तर प्रत्येक घरी तू वेगळं ठरवशील आणि शेवटी गटांना अर्थ राहणार नाही. मी असती तर असं लिहिलं असतं: हंगामातले सलग तीस दिवस किंवा जास्त जे मूल आईबापाबरोबर गावाबाहेर राहिलं ते ‘गेलेलं’. तीसच का, तर त्याहून कमी काळ म्हणजे भेट किंवा सुट्टी असू शकते. तू वीस धर, चाळीस धर, पण एकदा धरलंस की बदलू नकोस, आणि मधेच ये-जा झालेल्या मुलांची स्वतंत्र नोंद ठेव. त्या मधल्या मुलांच्या गोष्टीत घरातला निर्णय सगळ्यात उघडा दिसतो, कारण तिथे तो दोनदा घ्यावा लागलेला असतो.

तू म्हणशील, शाळेचा हजेरीपट आहे की, त्यावरून कळेल कोण गेलं. बघायचाच आहे, पण त्यावर भिस्त ठेवू नकोस, आणि का ते नीट समजून घे. शाळेचा पट टिकण्यावर शिक्षकांची पदं अवलंबून असतात. त्यामुळे मूल गावात नसलं तरी पटावरून काढायला शाळा नाखूश असते, आणि कधीकधी हजेरीही लागत राहते. सगळीकडे असं होतं असं मी म्हणत नाही, बीडमध्ये प्रामाणिक नोंदी ठेवणारे शिक्षक मी स्वतः पाहिलेत. पण खात्री करून घ्यावी लागते. ओळखायचं कसं? नोव्हेंबर ते मार्चची पानं उघड आणि एकेका मुलाची ओळ आडवी वाच. खऱ्या हजेरीत खाडे विखुरलेले असतात: बाजाराचा दिवस, ताप, पाहुणे, जत्रा. महिनाभर एकही खाडा नसलेली ओळ दिसली, आणि तीही तोडीला गेलेल्या घरातल्या मुलाची, तर थांब. मग त्याच तारखांची पोषण आहाराची नोंदवही बघ. वर्गात तीस हजर आणि जेवायला एकवीस, असं रोज दिसत असेल तर हजेरी कागदावरची आहे. उलटही होतं. दोन्ही वह्या एकमेकींशी तंतोतंत जुळतात आणि आजी मात्र सांगते की पोरगी फडावर होती. तेव्हा आजीचं म्हणणं लिहून घे, वह्यांचंही लिही, आणि दोन्हींत फरक आहे हे प्रबंधात सांग. शाळेचं नाव मात्र कुठेही येऊ देऊ नकोस. एखाद्या मुख्याध्यापकाला तुझ्या प्रबंधामुळे नोटीस आली तर त्या गावात पुढची दहा वर्षं कुणी विद्यार्थ्याला दारात उभं करणार नाही.

गावात हंगामी वसतिगृह चालत असेल तर त्याची यादी माग. नावाने फसू नकोस. पुष्कळ गावांत तिथे मुक्कामाची सोय नसते. आईबाप गेलेल्या मुलांना गावात नातेवाइकांकडे ठेवून दोन वेळचं जेवण शाळेत द्यायचं, असंच ते चालतं. म्हणजे वसतिगृह असूनही रात्री कोणाजवळ झोपायचं हा प्रश्न घरावरच राहतो. नऊ वर्षांच्या मुलीच्या बाबतीत आईला नेमका तोच सुटत नसेल. हे मी अंदाजाने म्हणतेय, तुला ते विचारून काढायचं आहे.

आणि विचारून काढण्याआधी तुझा स्वतःचा अंदाज लिहून ठेव, तोही असा की तो चुकू शकेल. तुझ्या मनात असेल की मुलीला धाकटं भावंड सांभाळायला नेलं. आईबाप दोघं मिळून एक कोयता, म्हणजे तोडीत नवरा-बायकोची जोडी एक धरतात. बाई कोयत्याला लागली की बाळाकडे बघणार कोण, म्हणून मुलगी. हे खरं असेल तर दिसायला काय हवं? ज्या घरात पाच वर्षांखालचं मूल आहे तिथल्या मुली जायला हव्यात, आणि ज्या घरात नाही तिथल्या राहायला हव्यात. तशा दुसऱ्या घरांतल्या मुलीही जात असतील, तर बाळाचं कारण एकटं पुरत नाही. दुसरा अंदाज मुलीच्या जोखमीचा: वाढत्या वयाची मुलगी म्हाताऱ्या माणसांच्या भरवशावर मागे कशी ठेवायची? हे कारण असेल तर बारा-तेराच्या मुली जास्त जायला हव्यात आणि सात-आठच्या कमी. बाळ सांभाळण्याचं कारण असेल तर नेमकं उलटं दिसायची शक्यता आहे, कारण बाळ राखायला आठ-नऊ वर्षांची मुलगी चालते. बघ, दोन कारणं, दोन्ही ऐकायला पटणारी, पण मुलींच्या वयाकडे बघितलं की ती वेगळी पडतात. या दोघांतलं कुठलं खरं हे तुझ्या मामाच्या गावात वीस-पंचवीस घरांत कळू शकतं. असा प्रश्न हातात असला की मुलाखतीत काय विचारायचं हे आपोआप ठरतं.

कच्चा तक्ता आजच आख. आत नाव न लिहिता घर क्रमांक. मग रकाने: टोळी बैलगाडीची की ट्रॅक्टरची, मागे राहिलेलं मोठं माणूस कोण, वय किती, हिंडतं-फिरतं की अंथरुणाला, पाच वर्षांखालची मुलं, सहा ते चौदामधल्या प्रत्येक मुलाचं वय आणि मुलगा की मुलगी, गेल्या हंगामात ते कुठे होतं, कधी ठरलं, कोणी ठरवलं. आता तीन काल्पनिक घरं भरून बघ. घर एक: आजी पासष्टची, हिंडती, बाळ दीड वर्षाचं, मुलगी नऊ, गेली, मुलगा अकरा, राहिला. घर दोन: आजी तशीच, बाळ नाही, मुलगी दहा, राहिली, मुलगा तेरा, गेला. इथे थांबून विचार कर, मुलगा का गेला? तेराचा मुलगा मोळ्या बांधू लागतो, उसाचे वाढे गोळा करतो, अर्ध्या कोयत्याचं काम उचलतो. म्हणजे मुलग्यांना नेण्याचंही कामाशी नातं आहे, फक्त काम वेगळं आणि वय वेगळं. घर तीन: आजी अंथरुणाला, मुलगी बारा, राहिली. आता राहणं म्हणजे शाळा असं उरलं का? ती आजीचं करायला राहिली असेल. ‘राहिलं म्हणजे शिकलं’ हे तू मनात गृहीत धरलं होतंस, ते या तिसऱ्या ओळीने मोडलं. काल्पनिक घरं भरायची ती यासाठीच. तक्ता भरता भरता कुठला रकाना राहून गेला ते कळतं. इथे ‘राहिलेलं मूल दिवसभर काय करतं’ हा रकाना वाढव.

संख्या किती हवी ते गावात एक दिवस मोजल्याशिवाय ठरवू नकोस. येत्या रविवारी मामाकडे जा. आजीला किंवा मामीला घेऊन ओट्यावर बस आणि नुसती घरं मोज: तोडीला जाणारी किती, त्यात सहा ते चौदाची दोन मुलं असलेली किती, त्यात गेल्या साली फाटाफूट झालेली किती. नावं लिहू नकोस, रेघा मार. समज जाणारी साठ घरं निघाली, दोन मुलांची पंचवीस आणि फाटलेली आठ. पुष्कळ झालं. आठ घरांत नीट, दोन-दोनदा बोलणं आणि बाकीच्या सतरांत तक्त्यापुरतं विचारणं, हे एका मुलीच्या हातून होतं. फाटलेली दोनच निघाली तर शेजारचं गाव जोड. तिथेही दोनच निघाली तर प्रश्न बदलावा लागेल, आणि तो १५ सप्टेंबरच्या आधी कळलेला बरा. त्या वेळी ‘सगळी मुलं राहिलेल्या घरांत हंगामभर मुलांची व्यवस्था कोण आणि कशी बघतं’ हा प्रश्न त्याच गावात, त्याच ओळखींवर उभा राहतो.

एक गोष्ट तुझ्या बाजूने आहे: तू ऑगस्टमध्ये लिहिलंस. या विषयावर काम करणारी पुष्कळ मुलं आराखडा मंजूर करून घेतात, दिवाळीची सुट्टी काढतात आणि डिसेंबरात गावात जातात. तोवर घरांना कुलपं लागलेली असतात, ओट्यावर म्हातारी माणसं. ज्यांना विचारायचं ते सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात फडावर. मग ती मुलं जे भेटतील त्यांना विचारतात आणि प्रश्नच हळूच बदलून जातो. तुझ्याकडे दसऱ्यापर्यंतचा वेळ आहे. उचल घेऊन झालेली असते, टोळ्या ठरत असतात, आणि यंदा कोणाला न्यायचं हे घराघरात याच दिवसांत बोललं जातं. म्हणून सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आणि ऑक्टोबरात आईबापांशी बोल: गेल्या साली काय झालं, यंदा काय ठरतंय. जानेवारीत परत जा आणि आजी-आजोबांना भेट, कोण खरंच राहिलं ते बघ, शाळेच्या वह्याही तेव्हाच बघ. दोन्ही वेळचं जुळलं नाही तर ती सगळ्यात मोलाची माहिती. दसऱ्याला ‘पोरगी राहणार’ म्हणालेली आई दिवाळीनंतर तिला घेऊन गेली असेल, तर मधल्या चार आठवड्यांत काय घडलं ते आजी सांगेल. मार्च-एप्रिलमध्ये माणसं परततात, पण तेव्हा तुला लिहायचं आहे. नवीन मुलाखती तेव्हा काढू नकोस, फार तर एखादी शंका विचार.

मुलाखतीत ‘मुलीला का नेलं’ असं थेट विचारशील तर दोनच उत्तरं मिळतील, एक ‘काय करणार, परिस्थिती’ आणि दुसरं ‘तिलाच यायचं होतं’. दोन्ही खोटी नाहीत, पण त्यांनी तक्ता भरत नाही. त्याऐवजी निघायचा दिवस विचार. गाडी कधी आली, कोणाचं गाठोडं आधी भरलं, मुलीचं दप्तर घेतलं की ठेवलं, पोरगा रडला का, आजी काय म्हणाली. निघायचा दिवस बाया बारीकसारीक तपशिलांसह सांगतात. त्यातच मधेच येऊन जातं, की ‘आधी दोघांना ठेवणार होतो, पण सासूबाई म्हणाल्या मला दोन झेपायची नाहीत’. हे वाक्य तुला शंभर घरांच्या प्रश्नावलीत मिळणार नाही. मुकादमाच्या ओळखीने मात्र कोणाच्या घरी जाऊ नकोस. त्याच्याकडून उचल घेतलेली बाई त्याच्या माणसासमोर मुलाच्या कामाबद्दल काही बोलणार नाही. मामीबरोबर जा, पण बोलायला बसलीस की मामीला चहाला पाठव. आणि मुलांच्या मुलाखती या पहिल्या कामात घेऊ नकोस. त्यासाठी वेगळी परवानगी, वेगळं कौशल्य लागतं, आणि आईबापांनी न सांगितलेलं मुलाने सांगितलं तर घरी त्याचं काय होईल याची जबाबदारी तुझ्यावर येते. मोठ्या माणसांकडून तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळतं.

सरांकडे जाताना आराखड्यात एवढंच लिही: ‘केज तालुक्यातील एका गावातून ऊसतोडीला जाणाऱ्या ज्या कुटुंबांत सहा ते चौदा वयाची किमान दोन मुले आहेत, त्यांच्यापैकी काही कुटुंबे एका मुलाला सोबत नेतात आणि दुसऱ्याला गावात ठेवतात. कोणते मूल न्यायचे आणि कोणते ठेवायचे हे कशावर ठरते, आणि ते कोण ठरवते?’ खाली दोन ओळींत बाळ सांभाळण्याचा आणि जोखमीचा असे तुझे दोन अंदाज लिही, आणि कोणता रकाना बघून ते वेगळे ओळखणार तेही. सर विचारतील, एका गावावरून मराठवाड्याबद्दल काय सांगणार? सांग, की मराठवाड्याबद्दल काही सांगणार नाही. किती घरांत असं होतं हा माझा प्रश्न नाही. घरात हे कसं ठरतं हा आहे, आणि त्यासाठी थोडी घरं पण खोलात हवीत. हे लिहून दे, म्हणजे तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी तोच प्रश्न विचारला तर उत्तर प्रबंधातच असेल.

मथळा शेवटी ठरव. ‘एक समाजशास्त्रीय अभ्यास’ हे शब्द काढलेस तरी चालेल, समाजशास्त्र विभागात दिलेला प्रबंध समाजशास्त्रीयच असतो. गावाचं नाव मथळ्यात घालू नकोस, तालुका पुरे. साठ घरांच्या गावात ‘आजी अंथरुणाला, मुलगी बारा’ एवढं छापलं तरी घर ओळखू येतं, म्हणून लिहिताना एखाद्या वर्षाने वय बदल आणि तसं केल्याचं पद्धतीच्या प्रकरणात नमूद कर.

आणि रविवारी निघण्याआधी विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र घेऊन ठेव, शाळेत मुख्याध्यापक पहिल्यांदा तेच मागतील. रेघा मोजून आल्या की तिन्ही आकडे मला कळव: जाणारी घरं, दोन मुलांची, फाटलेली. तिसरा आकडा पाचाच्या आत असेल तर आराखडा देण्याआधी आपण पुन्हा बोलू.